आठवडाभराच्या कौटुंबिक सहलीची सामान-यादी : व्यक्ती आणि प्रकार यांनुसार कशी तयार करावी

कोल्हापूरहून निघून कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी गाडी रांगेत उभी असताना सासूबाईंनी सहज विचारले, "माझ्या सकाळच्या गोळ्या कोणाजवळ आहेत?" यजमानांना वाटत होते की त्या मी घेतल्या आहेत, आणि मला वाटत होते की रोज स्वतःच्या हाताने घेतात त्याअर्थी त्यांनीच आपल्या पर्समध्ये ठेवल्या असतील. रक्तदाबाच्या त्या गोळ्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर राहिल्या होत्या. विशेष म्हणजे आमच्या यादीत 'गोळ्या' हा शब्द होता आणि त्यापुढे बरोबरची खूणही होती. गाडी मागे वळवावी लागली. त्या दिवसापासून मी यादी वेगळ्या पद्धतीने करू लागले, आणि पहिल्यांदाच कुटुंबासह आठवडाभर बाहेर पडणाऱ्यांसाठी तीच पद्धत येथे क्रमाने मांडत आहे.

यादीत वस्तूचे नाव असणे पुरेसे नसते. ती कोणाची, किती, ती बॅगेत कोणी भरायची आणि कोणत्या बॅगेत, या चारही गोष्टी लिहिल्या तरच ती यादी उपयोगी पडते. हे चारही तपशील कसे भरायचे ते समजावे म्हणून मी एकच सहल उदाहरणादाखल घेते. कुटुंब पाच जणांचे आहे : आजी, आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. महिना डिसेंबर, वाहन स्वतःचे सात आसनी, आणि कार्यक्रम सात दिवस व सहा रात्रींचा. पहिली रात्र चित्रदुर्ग, दुसरी व तिसरी म्हैसूर, चौथी व पाचवी ऊटी, सहावी परतीच्या वाटेवर पुन्हा चित्रदुर्ग, आणि सातव्या दिवशी संध्याकाळी घर.

आधी दिवस लिहा, वस्तू नंतर

यादीला बसल्यावर बहुतेक जण 'टूथपेस्ट, टॉवेल, कंगवा' असे आठवेल तसे लिहीत सुटतात. त्याऐवजी कागदाच्या डोक्यावर सात ओळींत सात दिवस लिहावेत आणि प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात : मुक्काम कोठे, हवा कशी आणि त्या दिवशी कपडे धुता येतील का. आमच्या उदाहरणात एवढ्यानेच निम्मे प्रश्न सुटतात. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 760 मीटर उंचीवर आहे आणि तेथील डिसेंबर आपल्याकडच्यासारखाच, दिवसा उन्हाचा आणि पहाटे गारव्याचा असतो. ऊटी मात्र सुमारे 2240 मीटरवर असून तेथे डिसेंबरात रात्री पारा 10 अंशांच्या खाली सहज उतरतो. त्यामुळे सात दिवसांपैकी लोकरीचे कपडे खरे लागतात ते मधल्या दोन रात्री आणि त्यांना लागून असलेल्या सकाळी. प्रत्येकासाठी चार-चार स्वेटर कोंबण्याचे कारण उरत नाही.

कपडे धुण्याचा दिवसही याच ओळींतून ठरतो. पहिल्या रात्री आपण उशिरा पोहोचून सकाळी निघणार, तेव्हा तेथे धुणे शक्य नाही. ऊटीच्या थंड व दमट हवेत सुती कपडा दोन दिवसांतही नीट वाळेलच असे नसते, आणि ओलसर कपडे बॅगेत भरले की बाकीच्या कपड्यांनाही कुबट वास लागतो. म्हणून धुण्याची जागा म्हैसूर आणि वेळ तिसऱ्या दिवसाची सकाळ. पहिल्या दोन दिवसांचे कपडे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळतात. याच ओघात यादीच्या 'सर्वांचे' रकान्यात तीन वस्तू येतात : धुण्याच्या साबणाची एक वडी, चार-पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे.

कागदाची आखणी

आता एक मोठा कागद आडवा धरून त्यावर सहा उभे रकाने आखावेत : पाच माणसांचे पाच आणि सहावा 'सर्वांचे' या नावाचा. डाव्या बाजूला वरून खाली प्रकार लिहावेत. आम्ही सहाच प्रकार ठेवतो : कपडे व पादत्राणे, औषधे, कागदपत्रे व पैसे, आंघोळीचे व रोजच्या वापराचे, विजेवर चालणारे, आणि खाणे-पिणे. याहून अधिक प्रकार केल्यास एकच वस्तू दोन ठिकाणी लिहिली जाते. चष्मा औषधांत की रोजच्या वापरात, यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो एकदाच कोठेतरी लिहिलेला असणे अधिक महत्त्वाचे आहे.

या आखणीचा फायदा असा की कागद दोन दिशांनी तपासता येतो. उभा वाचला तर 'आजींचे सर्व काही आले का' हे कळते. आडवा वाचला तर 'सर्वांची औषधे आली का' हे कळते. उभ्या वाचनात आजींच्या रकान्यात शाल दिसते आणि ठीक वाटते, पण आडव्या वाचनात कपड्यांच्या ओळीवरून बोट फिरवताना चौघांच्या चौकटीत कानटोपी किंवा स्कार्फ आहे आणि बाबांच्या चौकटीत काहीच नाही, हे लगेच लक्षात येते. बाबांच्या बाबतीत हे हमखास घडते, कारण यादी करणारी व्यक्ती मुलांचे आणि वडीलधाऱ्यांचे आधी पाहते.

सहाव्या रकान्याविषयी विशेष काळजी घ्यावी. सामायिक वस्तू राहून जातात त्या नेमक्या येथेच, किंवा तीन टूथपेस्ट येतात त्याही येथेच. म्हणून या रकान्यातल्या प्रत्येक वस्तूपुढे कंसात भरणाऱ्याचे नाव लिहिण्याचा नियम करावा : टूथपेस्ट (आई), मोबाइलचे चार्जर (बाबा), दोरी-चिमटे (मुलगी). नऊ वर्षांच्या मुलीवर एखाददुसरी वस्तू जरूर सोपवावी, मुले ती जबाबदारी फार मनापासून पार पाडतात. ज्या वस्तूपुढे नाव नाही ती भरली गेलेली नाही, असेच समजावे.

कपड्यांची संख्या कशी काढावी

अंदाजाने कपडे काढले की ते हमखास जास्त होतात. त्यासाठी साधा हिशेब आहे : सहलीचे एकूण दिवस, त्यातून धुऊन पुन्हा वापरता येणारे जोड वजा करावेत. येथे सात दिवस आहेत आणि पहिल्या दोन दिवसांचे दोन जोड धुऊन पुन्हा मिळतात. म्हणजे मोठ्या माणसाला वरचे पाच कपडे पुरतात, आणि त्यात निघताना अंगावर असलेला कपडा धरलेला आहे, म्हणजे बॅगेत चारच जातात. पॅन्ट किंवा सलवार एकीवर दोन-तीन दिवस निघतात, म्हणून त्या तीन पुरेत. जीन्स मात्र धुण्याच्या हिशेबात धरू नये, कारण ती एका दिवसात वाळत नाही. आतल्या कपड्यांना हा वजाबाकीचा नियम लावू नये. ते दिवसाला एक आणि वर दोन, म्हणजे प्रत्येकी नऊ घ्यावेत. ते जागा फारशी घेत नाहीत, आणि धुणे काही कारणाने हुकले तरी अडत नाही.

तीन वर्षांच्या मुलाचा हिशेब वेगळा करावा. तो दिवसात दोनदा कपडे खराब करणार हे धरूनच चालावे. सात दिवसांचे चौदा जोड, त्यातून पहिल्या दोन दिवसांचे चार धुऊन मिळतील, म्हणजे दहा जोड. यापैकी दोन जोड बॅगेत न भरता गाडीत हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावेत, कारण गुडलूरहून ऊटीकडे चढणाऱ्या घाटात उलटी झाली की गाडी रस्त्याकडेला लावून डिकीतली सर्वांत खालची बॅग उपसणे शक्य नसते. डायपर केवळ रात्री आणि प्रवासात लागत असेल, तर सहा रात्रींचे सहा, मोठ्या प्रवासाच्या पाच दिवसांचे पाच आणि जास्तीचे दोन, असे तेरा होतात. कपड्यांची ओळ भरल्यावर साधारण अशी दिसते :

| | आजी | आई | बाबा | मुलगी | मुलगा |
|---|---|---|---|---|---|
| वरचे कपडे | 4 साड्या, 5 पोलकी | 5 कुर्ते | 5 शर्ट | 6 | 10 जोड |
| खालचे कपडे | 3 परकर | 3 सलवारी | 3 पॅन्ट | 4 | – |
| आतले कपडे | 9 | 9 | 9 | 9 | 9 |
| रात्रीचे | 2 गाऊन | 2 | 2 | 2 | 2 |
| लोकरीचे | स्वेटर, शाल, कानटोपी | स्वेटर, स्कार्फ | स्वेटर, कानटोपी | स्वेटर, कानटोपी | 2 स्वेटर, कानटोपी |
| जाड मोजे | 2 जोड | 2 जोड | 2 जोड | 2 जोड | 3 जोड |

आजींच्या चारच साड्या का, असे कोणी विचारील. प्रवासात बसून नेसलेली साडी दुसऱ्या दिवशीही नेसता येते. पोलके मात्र बदलावेच लागते, म्हणून पोलकी पाच.

थंडीसाठी एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा थर करावेत : आत पूर्ण बाह्यांचे बनियन किंवा थर्मल, त्यावर रोजचा कपडा, त्यावर स्वेटर, आणि वारा अडवणारे एखादे पातळ जाकीट. दुपारी ऊन पडले की वरचे दोन थर उतरवता येतात. हे सर्व स्वेटर वेगळ्या कापडी पिशवीत घालून अगदी वर ठेवावेत, कारण म्हैसुरात दुपारी नकोसे वाटणारे स्वेटर त्याच दिवशी संध्याकाळी गाडीतच मागितले जातात.

पादत्राणांविषयी एक सूचना कोल्हापूरकरांना आवर्जून करावीशी वाटते. आपली कोल्हापुरी चप्पल वनस्पतिजन्य सालींत कमावलेल्या चामड्याची असते. पाणी लागले की ते चामडे मऊ पडते आणि वाळल्यावर आकार सोडते. ऊटीच्या बागांत सकाळी गवत दवाने भिजलेले असते. चप्पल हौसेने न्यायचीच असेल तर ती म्हैसूरच्या राजवाड्यासाठी ठेवावी, आणि ऊटीत बंद बूट घालावेत. एक जोड पायात आणि एक बॅगेत, एवढी मर्यादा प्रत्येकाने पाळली तर डिकीत जागा उरते.

औषधे

या ओळीला घाई करू नये. रोजच्या गोळ्या सात दिवसांच्या अधिक तीन दिवसांच्या, म्हणजे दहा दिवसांच्या घ्याव्यात, कारण रस्त्यात एक दिवस अडकून पडणे अशक्य नसते. गोळ्या सुट्या करून डबीत न भरता मूळ स्ट्रिपमध्येच ठेवाव्यात. कापतानाही औषधाचे नाव आणि मुदत ज्या बाजूला छापली आहे ती बाजू राखून ठेवावी. परगावच्या औषध दुकानात तेवढ्या तुकड्यावरून नेमके तेच औषध मिळवता येते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी किंवा तिचा फोनमधील फोटो असावा. हा साठा दोन ठिकाणी विभागावा : पाच दिवसांच्या गोळ्या आजींच्या पर्समध्ये आणि पाच दिवसांच्या आईच्या हातपिशवीत. एक पिशवी हरवली तरी दुसऱ्या दिवशीची गोळी चुकत नाही.

'सर्वांचे' रकान्यात ओआरएसची पाकिटे, थर्मामीटर, जखमेचे मलम, चिकटपट्ट्या आणि ताप-अंगदुखीची गोळी येते. ओआरएस पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात करावे, कमी पाण्यात घट्ट करू नये, आणि केलेले पाणी 24 तासांनंतर टाकून द्यावे. मुलाच्या तापाच्या औषधाचे प्रमाण वयापेक्षा वजनावर ठरते, म्हणून निघण्यापूर्वी त्याचे वजन करून डॉक्टरांकडून मात्रा विचारून ती बाटलीवरच चिकटपट्टीवर लिहावी. बाटलीचे मापाचे टोपण हीदेखील यादीतली स्वतंत्र वस्तू समजावी, कारण तेच घरी राहते. गाडी लागण्यावरची गोळी घाट सुरू होण्याच्या आधी अर्धा ते एक तास घेतली तरच उपयोगी पडते. मुलांना आणि आजींना ती द्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारावे, आणि तिने झोप येत असल्याने गाडी चालवणाऱ्याने ती अजिबात घेऊ नये.

कागदपत्रे, पाणी आणि खाऊ

प्रत्येक मोठ्या माणसाच्या रकान्यात मूळ आधारकार्ड लिहावे, आणि बाबांच्या रकान्यात वाहन परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी. यांशिवाय या मार्गाला खास लागणाऱ्या दोन गोष्टी आहेत. निलगिरी जिल्ह्यात शिरणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना मे 2024 पासून ई-पास काढावा लागतो. तो घरूनच काढून छापून घ्यावा, कारण जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर फोनला रेंज मिळेलच असे नाही. दुसरी, त्या जिल्ह्यात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या यांवर बंदी आहे, आणि वाटेत गाड्या तपासल्या जातात. याचा यादीवर थेट परिणाम होतो : प्रत्येकाच्या रकान्यात स्वतःची स्टीलची बाटली, 'सर्वांचे'मध्ये पाच लिटरचा स्टीलचा कॅन (बाबा), आणि मळक्या कपड्यांसाठी प्लास्टिकऐवजी दोन कापडी पिशव्या.

खाऊ पहिल्या दिवसापुरताच मोजून न्यावा : दशम्या, भडंग आणि शेंगदाण्याची चटणी. कांदा-लसणाची चटणी नेल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही हे खरे, पण तिचे तेल झाकणातून पाझरते. झाकणाला रबर असलेल्या डब्यात ती भरून, डबा जुन्या सुती कापडात बांधून, कपड्यांच्या बॅगेत न ठेवता खाण्याच्या पिशवीतच उभा ठेवावा.

विजेवरच्या वस्तूंविषयी एवढेच की मोबाइल चार असले तरी चार्जर दोन पुरतात. मात्र एक एक्स्टेन्शन बोर्ड जरूर घ्यावा, कारण लॉजच्या खोलीत हाताशी असे प्लगचे ठिकाण बहुधा एकच असते.

बॅगांना क्रमांक आणि खुणांच्या दोन पायऱ्या

आता प्रत्येक वस्तूपुढे बॅगेचा क्रमांक घालावा. बॅग माणसागणिक न करता मुक्कामागणिक विचार करावा, हा आमच्या घरातला सर्वांत उपयोगी पडलेला बदल आहे. क्रमांक 1 मध्ये आजी आणि मुलगी, क्रमांक 2 मध्ये आई आणि मुलगा, क्रमांक 3 मध्ये बाबा आणि सामायिक वस्तू. क्रमांक 4 ही लहान बॅग केवळ वाटेतल्या मुक्कामासाठी : तीत पाचही जणांचा रात्रीचा एकेक कपडा, दुसऱ्या दिवसाचा एकेक जोड, ब्रश, टूथपेस्ट आणि चार्जर. चित्रदुर्गला रात्री पोहोचल्यावर तेवढीच बॅग खोलीत न्यायची; बाकीच्या तीन कुलूपबंद गाडीत राहतात. पाचव्या दिवशी रात्री ऊटीतच ती परतीच्या मुक्कामासाठी पुन्हा भरून ठेवावी. क्रमांक 5 म्हणजे हातपिशवी. औषधे, कागदपत्रे आणि मुलाचे दोन जोड हिच्यात.

भरताना खूण दोन टप्प्यांत करावी. वस्तू कपाटातून काढून पलंगावर ठेवली की तिच्यापुढे एक टिंब द्यावे, आणि बॅगेत गेली की बरोबरची खूण. टोलनाक्यावरच्या त्या दिवशी आमचे चुकले होते ते येथेही : गोळ्या फळीवर 'काढून ठेवल्या' होत्या आणि मी तेवढ्यावरच खूण केली होती. निघण्याच्या आदल्या रात्री ज्या वस्तूंपुढे केवळ टिंब आहे, त्या सर्व एका वेगळ्या चिठ्ठीवर उतरवाव्यात. त्या बहुधा सकाळपर्यंत वापरात असणाऱ्या असतात : ब्रश, चष्मा, चार्जरला लावलेला फोन, सकाळच्या गोळ्या, फ्रिजमधले दही. ही चिठ्ठी दाराच्या आतल्या कडीला अडकवावी, म्हणजे ती हातात घेतल्याशिवाय दार उघडत नाही.

हाच कागद परतीपर्यंत उपयोगी पडतो, म्हणून तो क्रमांक 5 च्या पिशवीत ठेवावा. खोली सोडताना विजेचे प्लग, न्हाणीघरातली खुंटी, उशीखाली, कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे, एवढ्या पाच जागा पाहून मगच 'विजेवर चालणारे' आणि 'आंघोळीचे' या दोन ओळींवरून बोट फिरवावे. विसरणाऱ्या वस्तू बहुतांशी याच दोन ओळींतल्या असतात.

घरी आल्यावर बॅगा रिकाम्या करतानाच, न वापरलेल्या वस्तूंभोवती पेन्सिलीने गोल करावा. आमच्या मागील कागदावर यजमानांची तिसरी पॅन्ट, माझ्या दोन ओढण्या आणि मुलीने हट्टाने घेतलेली गोष्टींची दोन पुस्तके अशा तीन ठिकाणी गोल होते, तर समासात नंतर लिहिलेली एक वस्तू होती : नखे कापण्याचे नेलकटर. तो कागद आता आधारकार्डांच्या फाइलमध्येच ठेवलेला आहे. पुढच्या सहलीला तोच समोर ठेवून बसायचे, वरच्या सात ओळी खोडून नव्या लिहायच्या आणि तेथून सुरुवात करायची.